हमखास निवडीचा कागद

2022 च्या जून-जुलै महिन्यांत तमिळनाडूतले 28 तरुण नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या फलाटांवर रोज आठ तास गाड्या मोजत होते. किती गाड्या आल्या, किती सुटल्या, कोणत्या गाडीला किती डबे, याची नोंद ठेवायची. तिकीट तपासनीस, वाहतूक सहायक, लिपिक अशा पदांसाठीचं हे प्रशिक्षण आहे, असं त्यांना सांगितलं होतं. जवळजवळ महिनाभर त्यांनी ते मन लावून केलं. प्रत्येकाने 2 लाखांपासून 24 लाखांपर्यंत रक्कम मोजली होती. एकूण आकडा होता 2 कोटी 67 लाख. प्रशिक्षणाचे आदेश, ओळखपत्रं, नियुक्तीपत्रं सगळं हातात होतं. रुजू व्हायला गेले तेव्हा कळलं की रेल्वेच्या दप्तरी त्यांच्यापैकी एकाचंही नाव नाही. दिल्ली पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार गेली आणि देशभर बातमी झाली.

बातमी वाचून बहुतेकांनी या मुलांच्या भोळेपणाबद्दल हळहळ व्यक्त केली. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण या मुलांनी त्यांच्या परीने खात्री केली होती. तक्रारीनुसार त्यांची वैद्यकीय तपासणी रेल्वेच्याच रुग्णालयात झाली होती. स्थानक खरं होतं, फलाट खरे होते. डोळ्यांना दिसणारं सगळं खरं होतं. नव्हती ती भरतीची जाहिरात, परीक्षेचं हॉलतिकीट आणि संकेतस्थळावर लागलेला निकाल. म्हणजे चार अनोळखी माणसांनाही पाहता येईल असा एकही पुरावा नव्हता. जे काही होतं, ते फक्त त्या उमेदवाराच्या हातात दिलेलं होतं.

सरकारी भरती खरी की खोटी हे ओळखायचं ते नेमकं इथे. खरी भरती प्रत्येक टप्प्यावर सगळ्यांना दिसेल अशी खूण मागे ठेवते. खोट्या भरतीचे सगळे कागद खासगीत, एकट्यालाच मिळतात.

तरीही लोक का फसतात? आपल्याकडे त्याचं उत्तर अवघड नाही. महाराष्ट्रात परीक्षेतले गैरव्यवहार खरोखर झाले आहेत. ऑक्टोबर 2021 मध्ये आरोग्य विभागाची गट क आणि गट ड पदांची परीक्षा झाली. पेपर फुटल्याचं पुणे सायबर पोलिसांच्या तपासात निघालं, खुद्द विभागातले अधिकारी अटकेत गेले आणि पुढे ती भरती रद्द झाली. त्याच वर्षी 12 डिसेंबरला म्हाडाची परीक्षा होती. ती आदल्या रात्री रद्द केल्याचं उमेदवारांना कळलं तेव्हा कित्येक जण केंद्राच्या गावी पोहोचलेही होते. त्या तपासाचे धागे शिक्षक पात्रता परीक्षेपर्यंत गेले. तिथे परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. त्यामुळे ‘आतून सेटिंग आहे’ असं दलालाने म्हटलं की ते ऐकणाऱ्याला खोटं वाटत नाही. त्याने वर्तमानपत्रात तसं वाचलेलं असतं.

पण त्या प्रकरणांचा शेवट दलाल सांगत नाही. शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे देऊन गुण वाढवून घेतलेल्या 7,800 हून अधिक उमेदवारांवर 2022 मध्ये कारवाई झाली. त्यांचा निकाल रद्द झाला आणि पुन्हा ती परीक्षा देण्याचा मार्गही बंद झाला. पश्चिम बंगालमध्ये 2016 च्या शाळा भरतीतल्या 25 हजारांहून अधिक नेमणुका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये रद्द ठरवल्या. त्यात स्वतःच्या गुणांवर लागलेलेही भरडले गेले. त्याआधी, एप्रिल 2006 मध्ये, उमादेवी खटल्यात न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की जाहिरात आणि खुली स्पर्धा टाळून झालेल्या नेमणुकीला कायम होण्याचा हक्क मिळत नाही. समजा दलालाची ओळख खरी निघाली आणि त्याने खरंच कुठे तरी चिकटवून दिलं, तरी ती नोकरी कोणत्याही दिवशी जाऊ शकते. दिलेले पैसे मात्र तेव्हा परत येत नाहीत.

‘काम झालं तरच पैसे’ या बोलीवर पुष्कळ शहाणी माणसंही विश्वास ठेवतात. ही बोली कशी चालते ते पाहा. दलाल वीस मुलांना गाठतो. प्रत्येकाकडून थोडी रक्कम आगाऊ घेतो, उरलेल्या रकमेचे कोरे धनादेश घेतो आणि दहावी-बारावीच्या, पदवीच्या मूळ गुणपत्रिका ‘हमी म्हणून’ ठेवून घेतो. मग तो काहीच करत नाही. परीक्षा होते. वीसपैकी दोघं-तिघं अभ्यासाच्या जोरावर पास होतात. त्यांच्याकडून तो पूर्ण रक्कम वसूल करतो, आणि ते देतातही, कारण आपलं यश आपलंच आहे हे त्यांनाही खात्रीने सांगता येत नाही. हेच दोघं-तिघं पुढच्या वर्षी त्याचे जिवंत दाखले होतात. उरलेल्यांतल्या ओरडणाऱ्या एक-दोघांना तो पैसे परत करतो आणि बाकीच्यांना ‘पुढच्या भरतीत बघू’ म्हणून थोपवतो. परीक्षेचा पेपर कोणी बघितलेलाही नसतो. गावातला एक जण ‘त्यांच्याकडूनच लागला’ हे खरं असलं, तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही, ते यामुळे.

आता एक नमुना घेऊन तपासून पाहू. समजा, व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का. ‘महाराष्ट्र शासन, महसूल विभाग, तलाठी पदाची विशेष थेट भरती. मर्यादित जागा, परीक्षा नाही, फक्त मुलाखत. वेतन दरमहा 38,000. नोंदणी शुल्क 2,500, खालील क्रमांकावर पाठवा.’ मजकूर मराठीत आहे, शुद्धलेखनही बरं आहे. तेव्हा भाषेवरून पारख करण्यात अर्थ नाही. हल्ली बनावट जाहिरातीही नीटनेटक्या असतात.

या पदाची खरी जाहिरात कशी दिसते ते आपल्याला माहीत आहे, कारण 2023 मध्ये ती निघाली होती. 4,600 हून थोड्या जास्त जागा, दहा लाखांहून अधिक अर्ज. त्या जाहिरातीत प्रत्येक जिल्ह्याच्या जागा वेगळ्या दिल्या होत्या. जिल्ह्याच्या आत प्रवर्गनिहाय फोड होती आणि प्रत्येक प्रवर्गात महिला, खेळाडू, माजी सैनिक अशा समांतर आरक्षणाचे रकाने. पदं भरायची तर बिंदुनामावली तपासून घ्यावीच लागते, म्हणून हा तक्ता खऱ्या जाहिरातीला चुकत नाही. बनावट जाहिरात करणारा हा तक्ता सहसा टाळतो. त्यात आकडे जुळवावे लागतात आणि चूक लगेच दिसते. वेतनाचंही तसंच. सरकारी जाहिरातीत वेतनश्रेणी असते. तलाठ्यासाठी ती एस-8, म्हणजे 25,500 ते 81,100 आणि नियमानुसार भत्ते अशी होती. ‘दरमहा अमुक हजार’ असा गोल आकडा कंत्राटी मानधनाच्या जाहिरातीत येतो, नियमित पदाच्या नाही. शुल्क खुल्या प्रवर्गाला 1,000 आणि राखीव प्रवर्गाला 900 रुपये होतं आणि ते अर्ज भरतानाच संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचं होतं. कोणाच्या मोबाइल क्रमांकावर नाही. निवड 200 गुणांच्या ऑनलाइन परीक्षेवर होती, मुलाखत नव्हतीच. केंद्र सरकारनेही गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद केल्या आहेत. अशा पदासाठी हॉटेलात किंवा कोणाच्या ‘ऑफिसात’ मुलाखतीला बोलावलं, तर पुढे काही तपासायची गरज उरत नाही.

एवढं पाहूनही शंका उरली, तर जाहिरातीत दिलेली लिंक उघडू नका. उलट्या दिशेने जा. ब्राउझरमध्ये विभागाचा पत्ता स्वतः टाइप करा. तलाठी भरतीसाठी तो mahabhumi.gov.in होता, लोकसेवा आयोगासाठी mpsc.gov.in, कर्मचारी निवड आयोगासाठी ssc.gov.in, रेल्वे भरती मंडळाच्या मुंबई विभागासाठी rrbmumbai.gov.in. तिथे ‘भरती’ किंवा ‘जाहिरात’ या सदरात तोच जाहिरात क्रमांक आणि तीच तारीख सापडली पाहिजे. gov.in हा पत्ता सरकारी संस्थांनाच मिळतो. मात्र तो पत्त्यात कुठे तरी असून भागत नाही. पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी तो हवा. सर्व शिक्षा अभियानाच्या नावाने shikshaabhiyan.org.in सारखे पत्ते चालवून अर्ज मागवले जात होते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला ही संकेतस्थळं बनावट असल्याचं जाहीर करावं लागलं. org.in किंवा co.in कोणालाही विकत घेता येतं.

इथे एक अडचण येते, आणि नवखे उमेदवार तिथेच गोंधळतात. खऱ्या भरतीतही अर्जाचं पान बऱ्याचदा gov.in वर नसतं. परीक्षा आयबीपीएस घेत असेल तर अर्ज ibpsonline.ibps.in वर भरावा लागतो. टीसीएस घेत असेल तर पत्ता आणखी अनोळखी दिसतो. महावितरणसारख्या सरकारी कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळही mahadiscom.in आहे, त्यात gov नाही. म्हणून नुसता पत्ता पाहून निकाल देऊ नये. त्या पानावर आपण कुठून पोहोचलो ते पाहावं. विभागाच्या अधिकृत पानावरच्या दुव्यावरून पोहोचलात तर ठीक. व्हॉट्सॲपच्या संदेशातून पोहोचलात, तर पान कितीही अस्सल दिसो, परत फिरावं.

जाहिरातीत एखाद्या शासन निर्णयाचा हवाला असेल, तर तो तपासायची सोय सरकारनेच केली आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी अठरा आकडी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. 15 मार्चच्या निर्णयाचा संकेतांक सप्टेंबरच्या तारखेने सुरू होत असेल, तर तो कागद जुळवलेला आहे. एखाद-दोन दिवसांचा फरक मात्र असू शकतो. gr.maharashtra.gov.in वर हाच संकेतांक टाकला की मूळ निर्णय उघडतो. बनावट कागदावर कित्येकदा खऱ्याच निर्णयाचा संकेतांक उचलून टाकलेला असतो, तेव्हा नुसता तो सापडला म्हणून थांबू नका, आतला मजकूर वाचा. एकदा तर तो रजेच्या नियमांचा निघेल, एकदा बांधकामाच्या खर्चाचा.

नियुक्तीपत्र हा फसवणुकीतला सर्वांत प्रभावी कागद. ते हातात पडलं की घरात पेढे वाटले जातात आणि उरलेली रक्कम दुसऱ्या दिवशी पोहोचते. ते पाहताना पहिला प्रश्न असा: या पदाचा नियुक्ती प्राधिकारी कोण? तलाठ्याची, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याची, नेमणूक जिल्ह्यात होते. मंत्रालयातल्या कोणा ‘अवर सचिवां’च्या सहीने ती होत नाही. तेव्हा मुंबईहून कुरिअरने आलेलं पत्र कितीही सुबक असलं तरी ते चुकीच्या माणसाच्या सहीचं असतं. दुसरा प्रश्न, या पत्राआधीचे टप्पे कुठे आहेत? निकाल, गुणवत्ता यादी, कागदपत्र पडताळणी, निवड यादी, प्रतीक्षा यादी हे सगळं संकेतस्थळावर नावानिशी लागतं. वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी होते. यादीत नाव नसताना पत्र आलं, तर पत्र खोटं. तिसरी गोष्ट अगदी साधी आहे. पत्रावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत जा. तिथे जावक नोंदवहीत ती नोंद आहे का, हे विचारता येतं. तोंडी उत्तर मिळालं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. ‘महिनाभर थांबलात तर जागा जाईल’ असं दलाल म्हणेल. खरी निवड झालेल्या उमेदवाराची जागा चौकशी केल्याने जात नाही.

फुटलेल्या पेपरचा धंदा याहून स्वस्त आणि याहून वेगवान. टेलिग्रामवर एखादा गट तयार होतो, परीक्षेच्या आदल्या रात्री ‘पेपर’ हजार-दोन हजारांना विकला जातो. टेलिग्रामवर पाठवलेला संदेश नंतर बदलता येतो. संदेशाची मूळ वेळ तशीच राहते, कोपऱ्यात फक्त ‘एडिटेड’ असं बारीक लिहिलेलं असतं. त्यामुळे आदल्या रात्री टाकलेल्या बिनमहत्त्वाच्या फाइलच्या जागी परीक्षेनंतर खरा पेपर चढवता येतो. मग ‘बघा, आमच्याकडे आधीच होता’ म्हणून पुढच्या परीक्षेसाठी गिऱ्हाइकं गोळा करायची. 2024 च्या जूनमध्ये युजीसी-नेट परीक्षा झाली आणि पेपर फुटल्याच्या संशयावरून दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी ती दिली होती. पुढे सीबीआयच्या तपासात निघालं ते असं, की त्या संशयाचा आधार असलेलं टेलिग्रामवरचं छायाचित्र बनावट होतं. परीक्षेचं पहिलं सत्र झाल्यावर ते काढलं होतं आणि त्यावरची वेळ बदलून ते आधीचं भासवलं होतं. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेलाही ते लगेच ओळखता आलं नाही, मग आदल्या रात्री घामाघूम झालेल्या मुलाला कसं येणार?

म्हणून पेपरची प्रत पाहून ती खरी की खोटी हे ठरवायला जाऊच नये. परीक्षेची रचना आठवावी. 2023 ची तलाठी परीक्षा 57 सत्रांत झाली आणि सत्रागणिक प्रश्नसंच वेगळा होता. त्यामुळेच नंतर गुणांचं सामान्यीकरण करावं लागलं आणि 200 पैकी 214 गुण असा आकडा दिसल्यावर गदारोळ झाला. अशा परीक्षेचा ‘एक पेपर’ विकणारा माणूस तुमचं सत्र कोणतं हेही विचारत नाही. संगणकावरच्या परीक्षेत गैरप्रकार होतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. त्याच तलाठी परीक्षेच्या पहिल्या दिवशी नाशिकमध्ये केंद्राबाहेर टॅब आणि वॉकीटॉकी घेऊन बसलेल्या एकाला पोलिसांनी पकडलं. डमी उमेदवारही सापडतात. पण हे प्रकार केंद्रावर, ठरावीक उमेदवारासाठी होतात, आणि त्यात सापडलेला उमेदवार आरोपी होतो. आदल्या रात्री हजार रुपयांत मिळणारा पेपर या साखळीत कुठेच बसत नाही.

कंत्राटी भरती ही मात्र खरोखर धूसर जागा आहे. रुग्णालयं, महापालिका, महामंडळं बाह्यस्रोत संस्थांमार्फत माणसं घेतात. तिथे परीक्षा नसते, जाहिरात कधी असते कधी नसते, आणि ‘आत्ता कंत्राटी, दोन वर्षांत कायम’ हे वाक्य सर्रास ऐकवलं जातं. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. त्या गोंधळातही लोकांच्या मनात नियमित आणि कंत्राटी यांची सरमिसळ झाली. अशा ठिकाणी मूळ कार्यालयात जाऊन एवढंच विचारावं: या संस्थेला कार्यादेश दिला आहे का, किती माणसांचा, किती काळाचा? अनामत रक्कम मागणारी संस्था याचं उत्तर स्वतः कधीच सरळ देत नाही.

आणि पैसे गेलेच असतील तर? पहिल्या काही तासांत 1930 या क्रमांकावर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. पैसे ज्या खात्यांत फिरत असतात ती गोठवायची संधी तेवढ्या वेळातच असते, रोख काढली गेली की ती संपते. दूरध्वनी क्रमांक, यूपीआय आयडी, व्यवहाराचा क्रमांक आणि संभाषणाच्या प्रती जपून ठेवाव्यात. दलालाशी भांडण झाल्यावर रागाने संदेश पुसून टाकणारे पुष्कळ आहेत, आणि पोलिसांना तेच हवे असतात.

पुष्कळ कुटुंबं तक्रारीलाच घाबरतात, कारण पैसे लाच म्हणून दिले होते. ही भीती निराधार नाही. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. पण लाच देणं भाग पाडलं गेलं असेल आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं असेल, तर कायदा संरक्षण देतो. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे. दलाल सरकारी नोकर नसेल, खोटी जाहिरात दाखवून पैसे घेतले असतील, तर तो सरळ फसवणुकीचा गुन्हा. सात दिवस उलटून गेले असतील तर आधी वकिलाशी बोलावं, मात्र गप्प बसू नये.

दलालाकडे अडकलेल्या गुणपत्रिकांमुळे मुलं वर्षानुवर्षं त्याच्या दारात चकरा मारतात. तक्रारीत त्या कागदांचा स्वतंत्र उल्लेख करावा, नावं आणि वर्षांसह. दहावी-बारावीची दुय्यम गुणपत्रिका राज्य मंडळाच्या विभागीय कार्यालयातून मिळते, पदवीची विद्यापीठातून. त्यासाठी दलालाच्या परवानगीची गरज नाही, आणि कोऱ्या धनादेशांचं पैसे देणं थांबवायची सूचनाही त्याच दिवशी आपल्या बँकेला लेखी देता येते.